धार्मिक सहभाग, शिक्षण आणि उत्पन्न: शोधनिबंधासाठी रिग्रेशनचं मॉडेल कसं निवडायचं

समाजशास्त्राच्या संख्यात्मक शोधनिबंधांत हा विषय वारंवार येतो आणि बहुतेक वेळा त्याच तीन ठिकाणी अडखळतो. हजेरीच्या क्रमवार उत्तरांवर साधं रेषीय रिग्रेशन चालवलं जातं. शिक्षण आणि उत्पन्न एकाच तक्त्यात टाकून दोन्ही सहगुणकांचा अर्थ एकसारखा लावला जातो. आणि उत्पन्न घातल्यावर शिक्षणाचा सहगुणक बदलला, की 'उत्पन्नामुळे संबंध स्पष्ट झाला' असं वाक्य लिहिलं जातं. तिन्ही चुका मॉडेल चालवण्याच्या आधी घेतलेल्या किंवा न घेतलेल्या निर्णयांतून येतात, म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतला जनरल सोशल सर्व्हे घेतला आहे. शिकागो विद्यापीठाशी जोडलेली एनओआरसी ही संस्था तो 1972 पासून करते, माहिती कोणालाही मोफत उतरवता येते आणि प्रश्नांची शब्दरचना वर्षानुवर्षं स्थिर आहे. आपण 2018 ची फेरी वापरू. तिच्यात 2,348 जणांची उत्तरं आहेत आणि ती मुख्यतः समोरासमोर बसून घेतलेली आहेत. 2021 ची फेरी कोविडमुळे मुख्यतः ऑनलाइन झाली. हजेरीसारख्या प्रश्नावर उत्तर देण्याची पद्धत बदलली की उत्तरंही बदलतात, त्यामुळे ती फेरी जुन्या फेऱ्यांसोबत सहज मिसळू नका.

## 1. प्रश्न एका वाक्यात लिहा

'शिक्षण आणि उत्पन्नाचा धार्मिक सहभागावर होणारा परिणाम' हा विषय झाला. मॉडेल ठरवायला प्रश्न लागतो. इथे निदान दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला: जास्त शिकलेले लोक, त्यांची बालपणाची परिस्थिती सारखी धरली तर, प्रार्थनास्थळी जास्त जातात की कमी? हा शिक्षणाचा एकूण परिणाम. दुसरा: सारखंच उत्पन्न असलेल्या दोघांमध्ये शिक्षणाचा फरक असेल, तर हजेरीत फरक पडतो का? हा उत्पन्नाचा मार्ग वगळून उरणारा परिणाम.

पहिल्या प्रश्नासाठी मॉडेलमध्ये उत्पन्न घालायचंच नाही. माणूस आधी शिकतो, मग कमावतो. उत्पन्न हा शिक्षणातून निघणारा मधला दुवा आहे आणि तो स्थिर धरला, की शिक्षणाच्या परिणामाचा एक भाग आपणच कापून टाकतो. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र उत्पन्न हवंच. उत्पन्नाच्या परिणामाबद्दल काही म्हणायचं असेल तर शिक्षण नियंत्रक म्हणून घालावंच लागतं, कारण ते दोन्हींच्या मागे उभं आहे. म्हणजे निबंधात किमान दोन मॉडेलं येणार, आणि कोणत्या मॉडेलमधला कोणता सहगुणक वाचायचा हे आधीच ठरलेलं असायला हवं.

तपासा: प्रश्नाचं वाक्य वाचून सहाध्यायाला सांगता आलं पाहिजे की उत्पन्न आत येणार की बाहेर राहणार. सांगता येत नसेल, तर प्रश्न अजून तयार नाही.

## 2. हजेरीचा चल उघडून बघा

या सर्वेक्षणात हजेरीच्या चलाचं नाव `attend` आहे आणि त्याला 0 ते 8 अशी नऊ उत्तरं आहेत: कधीच नाही, वर्षातून एकदाहून कमी, वर्षातून एकदोनदा, वर्षातून बऱ्याचदा, महिन्यातून एकदा, महिन्यातून दोनतीनदा, जवळजवळ दर आठवड्याला, दर आठवड्याला, आठवड्यातून अनेकदा.

या पायऱ्यांची उंची सारखी नाही. 0 वरून 1 वर जाणं म्हणजे वर्षाला एका दिवसाहूनही कमी फरक. 4 वरून 5 वर जाणं म्हणजे वर्षाला साधारण 12 वरून 30 च्या आसपास. रेषीय रिग्रेशन या दोन्ही पायऱ्या एकसारख्या मानतं. मग 'शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे हजेरी 0.04 ने वाढते' या वाक्यातलं 0.04 नेमकं कशाचं, हे सांगताच येत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण उत्तरांचं दिवसांत रूपांतर करतात, 'दर आठवड्याला' म्हणजे 52 वगैरे, आणि मग मोजणीसाठीचं पॉइसाँ किंवा निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल चालवतात. हे टाळा. 'वर्षातून बऱ्याचदा' म्हणजे 4 की 9 हे उत्तर देणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि 'आठवड्यातून अनेकदा' याला वरची मर्यादाच नाही. आपण भरलेले आकडे मोजणी नसतात. मोजणीची मॉडेलं 'गेल्या महिन्यात किती वेळा गेलात?' असा थेट प्रश्न असेल तेव्हा वापरायची.

उत्तरांना क्रम आहे पण अंतर नाही, म्हणून सुरुवात ऑर्डर्ड लॉजिटने करायची. नऊ गट ठेवता येतात, पण काही गट लहान असतात आणि निष्कर्ष मांडताना वाचकाला नऊ रकाने झेपत नाहीत. मी चार गट सुचवीन: कधीच नाही (0), वर्षातून काही वेळा (1 ते 3), महिन्यातून एकदा ते तीनदा (4 व 5), जवळजवळ दर आठवड्याला आणि जास्त (6 ते 8).

सावध: गटांच्या सीमा निकाल बघण्याआधी ठरवा. साप्ताहिक गटात 6 घ्यायचा की 7 पासून सुरुवात करायची, यावर मतभेद होऊ शकतो. एक निवडा आणि दुसरा पर्याय परिशिष्टात दाखवा. ज्या सीमेवर तारांकित निकाल आला ती ठेवणं ही अप्रामाणिकता आहे.

## 3. शिक्षण, उत्पन्न आणि गायब उत्तरं नीट करा

शिक्षणासाठी `educ` मध्ये पूर्ण केलेली वर्षं आहेत (0 ते 20) आणि `degree` मध्ये पदवीचे टप्पे. वर्षं घेतली तर प्रत्येक वर्षाचं वजन सारखं असं गृहीत धरलं जातं. हे खरं नसूही शकतं, कारण शाळा पूर्ण करणं किंवा पदवी मिळणं या ठिकाणी उडी असू शकते. दोन्ही रूपांत मॉडेल चालवून बघा आणि पदवीचे टप्पे सरळ रेषेत चढत असतील तरच वर्षं ठेवा. वयाची खालची मर्यादा 25 ठेवा, नाहीतर अजून कॉलेजात असलेली मुलं 'कमी शिकलेली' म्हणून मोजली जातात. वरची मर्यादा 64 ठेवली, की निवृत्तांचं घटलेलं उत्पन्नही आड येत नाही.

उत्पन्नासाठी `coninc` म्हणजे महागाईनुसार जुळवलेलं कुटुंबाचं उत्पन्न. ते मुळात गटांत विचारलेलं असतं आणि 2018 मध्ये सगळ्यात वरचा गट 1,70,000 डॉलर व अधिक असा उघडा होता. त्यामुळे वरच्या टोकाबद्दल ठाम विधानं करू नका. कुटुंबात माणसं किती हेही महत्त्वाचं, म्हणून माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मग लॉगरिदम घ्या. लॉग घेतल्यावर सहगुणकाला 0.69 ने गुणलं की उत्पन्न दुप्पट झाल्याचा परिणाम मिळतो. वाचकाला तोच कळतो.

नियंत्रक निवडताना एकच कसोटी लावा: ही गोष्ट शिक्षण पूर्ण होण्याआधी ठरली होती का? वय, लिंग, वंश, सोळाव्या वर्षी राहण्याचा प्रदेश (`reg16`), ज्या धर्मात वाढ झाली तो धर्म (`relig16`), सोळाव्या वर्षीची घरची परिस्थिती (`incom16`) हे सगळे कसोटीला उतरतात. सध्याचा धर्म उतरत नाही. त्यात 'कोणताच धर्म नाही' हा गट असतो आणि त्या गटातले लोक सहसा जातच नाहीत, म्हणजे अवलंबी चलाचाच एक तुकडा तुम्ही उजव्या बाजूला घातलेला असतो. प्रार्थनेची वारंवारता आणि देवावरचा विश्वास यांचंही तेच. विवाह आणि मुलं यांना पहिल्या मॉडेलमध्ये जागा नाही, कारण त्यांचं वेळापत्रक शिक्षणानेच हललेलं असतं.

गायब उत्तरांबाबत दोन गोष्टी जपा. एक, जुन्या फाइलींत `attend` मधला 9 म्हणजे 'माहीत नाही' आणि `educ` मधले 97 ते 99 हेही संकेतांक होते. ते तसेच राहिले तर 99 वर्षं शिकलेली माणसं तुमच्या मॉडेलमध्ये येतात. दोन, उत्पन्न सांगायला बरेच जण नकार देतात. पहिल्या मॉडेलमध्ये सगळे आणि दुसऱ्यात फक्त उत्पन्न सांगणारे असं झालं, तर सहगुणकातला बदल उत्पन्नामुळे आला की माणसं बदलल्यामुळे, हे ओळखता येत नाही. दोन्ही मॉडेलांना तेच लोक हवेत. अनेकवार भरणीची पद्धत वापरत असाल तर ती भरताना हजेरीचा चलही आत घ्या. तो बाहेर ठेवला तर भरलेल्या उत्पन्नाचा हजेरीशी संबंध शून्याकडे ओढला जातो.

`relig16` चे चारपाच मोठे गट करून `dharm16` नावाचा चल आधी बनवून घ्या. बाकीची तयारी स्टाटामध्ये अशी:

```stata
svyset vpsu [pweight=wtssps], strata(vstrat) singleunit(scaled)
recode attend (0=1) (1/3=2) (4/5=3) (6/8=4), generate(att4)
generate lninc = ln(coninc/sqrt(hompop))
global purv c.age##c.age i.sex i.race i.reg16 i.dharm16 i.incom16
generate gut = year==2018 & inrange(age,25,64) & ///
    !missing(att4,educ,lninc,sex,race,reg16,dharm16,incom16)
```

सावध: वयाबाहेरच्या लोकांना `drop` करून टाकू नका. नमुना टप्प्याटप्प्याने निवडलेला आहे आणि ओळी उडवल्या तर प्रमाण त्रुटी चुकीच्या येतात. सगळी फाइल ठेवून `subpop(gut)` सांगायचं.

तपासा: `tabulate att4 if gut` चालवा. एखाद्या गटात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक असतील, तर पुढे जाऊ नका.

## 4. पायाभूत मॉडेल चालवा आणि त्याचं गृहीतक तपासा

```stata
svy, subpop(gut): ologit att4 c.educ $purv
```

ऑर्डर्ड लॉजिटचं मुख्य गृहीतक असं: चार गटांच्या मधल्या तीनही उंबरठ्यांवर शिक्षणाचा सहगुणक एकच आहे. म्हणजे 'कधीच नाही'मधून बाहेर पडायला शिक्षण जितकं ढकलतं, तितकंच 'महिन्यातून'वरून 'दर आठवड्याला'वर जायलाही ढकलतं. धार्मिक हजेरीच्या बाबतीत हे गृहीतक डोळे झाकून मान्य करण्यासारखं नाही. अधूनमधून जाण्यामागे सामाजिक ओळख, मुलं, सणवार असतात आणि संस्थांमध्ये सामील होण्याकडे शिकलेल्यांचा कल जास्त असू शकतो. दर आठवड्याला जाण्यामागे मात्र श्रद्धेची बांधिलकी लागते, आणि तिथे शिक्षणाची दिशा वेगळी असू शकते.

तपासण्याचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे तीन उंबरठ्यांवर तीन साधी लॉजिट चालवून सहगुणक शेजारीशेजारी मांडणं:

```stata
forvalues k = 1/3 {
    generate u`k' = att4 > `k' if !missing(att4)
    svy, subpop(gut): logit u`k' c.educ $purv
}
```

ब्रँट चाचणीही आहे, पण तिच्या p मूल्यावर निर्णय सोपवू नका. नमुना मोठा असला की नगण्य फरकही लक्षणीय ठरतो, आणि लहान असला की मोठा फरकही निसटतो. सहगुणकांचा आकार बघा.

आकाराचा फरक किती पडतो ते एका कल्पित उदाहरणाने बघू. हे आकडे सर्वेक्षणाचे नाहीत, फक्त हिशोब दाखवण्यासाठी आहेत. समजा तीन लॉजिटमध्ये शिक्षणाच्या एका वर्षाचे सहगुणक 0.08, 0.05 आणि 0.01 आले, आणि एकत्र ऑर्डर्ड लॉजिटने 0.05 दिला. बारा वर्षं शिकलेल्यांपैकी 30 टक्के कधीच जात नाहीत आणि 30 टक्के दर आठवड्याला जातात असं धरा. आता चार वर्षांचं जास्त शिक्षण द्या.

पहिल्या उंबरठ्यावर 'कधीतरी जाण्याचे' ऑड्स 70/30, म्हणजे 2.33. सहगुणक 0.08 असेल तर चार वर्षांत ते 1.377 पट, म्हणजे 3.21 होतात आणि 'कधीच नाही' 30 वरून 23.7 टक्क्यांवर येतात. शेवटच्या उंबरठ्यावर ऑड्स 0.429. सहगुणक 0.01 असेल तर साप्ताहिक हजेरी 30 वरून जेमतेम 30.8 टक्के होते. एकत्र मॉडेल मात्र दोन्हीकडे 0.05 लावतं. त्याच्या मते 'कधीच नाही' 26 टक्के आणि साप्ताहिक हजेरी 34.4 टक्के. म्हणजे तुमचा निबंध सांगेल की पदवीमुळे साप्ताहिक हजेरी चार टक्के बिंदूंनी वाढते, आणि तिसरं लॉजिट सांगत असेल की तिथे जवळजवळ काहीच घडत नाही.

## 5. गृहीतक मोडलं तर काय करायचं

सहगुणक जवळपास सारखे असतील, तर ऑर्डर्ड लॉजिटवरच थांबा. फक्त शिक्षणाचेच वेगळे असतील, तर अंशतः मोकळं ऑर्डर्ड मॉडेल घ्या. स्टाटात त्यासाठी `gologit2` आहे आणि `npl(educ)` सांगितलं की शिक्षणाला प्रत्येक उंबरठ्यावर वेगळा सहगुणक मिळतो, बाकीचे बांधलेले राहतात. या मॉडेलमध्ये क्वचित एखाद्या व्यक्तीसाठी ऋण संभाव्यता निघते. ती मूठभर ओळींत असेल तर नोंदवून पुढे जा, पण बऱ्याच ओळींत असेल तर मॉडेल माहितीला बसत नाही असं समजा.

मल्टिनॉमियल लॉजिटकडे धावण्याची सवय सोडा. ते क्रम पूर्णपणे विसरतं आणि सहगुणकांची संख्या तिप्पट करतं. शिक्षणाने मधल्या गटात लोक गोळा होतात आणि दोन्ही टोकं रिकामी होतात, असा आकार दिसला तर त्याचा उपयोग आहे. आणि तुमचा प्रश्नच 'नियमित जाणारे कोण?' एवढा असेल, तर एका उंबरठ्यावरचं साधं लॉजिट पुरे. वाचकालाही ते लगेच समजतं.

## 6. उत्पन्न घाला, पण सहगुणकांची तुलना करू नका

आता दुसऱ्या प्रश्नाचं मॉडेल. आधीच्या मॉडेलमध्ये `c.lninc` घाला, लोक तेच ठेवा.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रेषीय रिग्रेशनमध्ये मधला दुवा घातल्यावर सहगुणक किती घटला हे थेट बघता येतं. लॉजिट कुळात ते चालत नाही. लॉजिटमध्ये न समजावलेल्या फरकाचं मान ठरलेलं असतं, π²/3 म्हणजे 3.29. मॉडेलमध्ये हजेरीशी संबंध असलेला कोणताही नवा चल आला, अगदी शिक्षणाशी त्याचा काडीचा संबंध नसला, तरी उरलेला फरक कमी होतो. पण मोजपट्टी 3.29 वरच बांधलेली असल्याने सगळे सहगुणक फुगतात. उत्पन्नामुळे शिक्षणाचा खरा परिणाम घटला आणि त्याच वेळी मोजपट्टीमुळे सहगुणक फुगला, तर दोन्ही एकमेकांना झाकतात आणि तक्त्यात 'काहीच बदल नाही' दिसतं.

मार्ग दोन आहेत. एक, सहगुणकांऐवजी सरासरी सीमांत परिणाम काढा, म्हणजे शिक्षणाच्या एका वर्षामागे साप्ताहिक हजेरीची संभाव्यता किती टक्के बिंदूंनी हलते. ते मोजपट्टीच्या बदलाने फारसे हलत नाहीत.

```stata
svy, subpop(gut): ologit att4 c.educ c.lninc $purv
margins, subpop(gut) dydx(educ) predict(outcome(4))
```

दोन, केएचबी पद्धत. ती उत्पन्नाऐवजी उत्पन्नाचा शिक्षणाशी संबंध नसलेला भाग पहिल्या मॉडेलमध्ये घालते, त्यामुळे दोन्ही मॉडेलांची मोजपट्टी एक होते आणि फरक खरोखर मध्यस्थीचा असतो. स्टाटात आज्ञेचं नाव `khb`.

सावध: मध्यस्थीचं विधान करण्याआधी विचारा, उत्पन्न आणि हजेरी या दोन्हींना हलवणारं आणखी काही आहे का? आरोग्य आहे, आठवड्याच्या शेवटी करावं लागणारं काम आहे. शिवाय एकाच वेळच्या सर्वेक्षणात उलटी दिशाही शक्य असते, कारण चर्चमधल्या ओळखीतून नोकरी मिळू शकते. हे मॉडेल बदलून सुटत नाही, ते मर्यादा म्हणून लिहावं लागतं.

## 7. हजेरी खरी किती, हेही तपासा

1993 मध्ये हॅडवे, मार्लर आणि शेव्हस या संशोधकांनी अमेरिकेत प्रत्यक्ष चर्चमधली डोकी मोजून दाखवलं, की सर्वेक्षणात लोक सांगतात त्याच्या साधारण निम्मीच हजेरी असते. सगळेच सारखं वाढवून सांगत असते तर सरासरी चुकली असती, संबंध फारसा बिघडला नसता. पण शिकलेले लोक जास्त वाढवून सांगत असतील, तर शिक्षणाचा सहगुणकच खोटा वर सरकतो. कोणतंही रिग्रेशन हे दुरुस्त करत नाही. म्हणून निबंधभर 'हजेरी' न लिहिता 'सांगितलेली हजेरी' लिहा.

भारतातल्या माहितीवर हेच काम करणाऱ्यांसाठी अडचण आणखी खोल आहे. प्यू संशोधन केंद्राने 2019-20 मध्ये भारतात 29,999 प्रौढांची मुलाखत घेतली आणि उपासनास्थळी जाण्याबद्दलही विचारलं. पण रोज घरी देवपूजा करणारी आणि देवळात क्वचित जाणारी बाई, किंवा वर्षातून एकदा आषाढी वारीला चालत जाणारा वारकरी, हे या मोजपट्टीवर खालच्या पायऱ्यांवर बसतात. तिथे ऑर्डर्ड लॉजिट निर्दोष चालेल आणि तरीही चुकीची गोष्ट मोजेल. घरची उपासना, देवळात जाणं आणि यात्रा यांची तीन वेगळी मॉडेलं करा. जात नियंत्रकांत आलीच पाहिजे, कारण शिक्षण, उत्पन्न आणि देवळातला प्रवेश या तिन्हींवर तिची छाया आहे.

## 8. निकाल कसे मांडायचे

मुख्य मजकुरात एकच तक्ता ठेवा: 12 आणि 16 वर्षं शिक्षण असलेल्यांसाठी चारही गटांच्या अंदाजित संभाव्यता, 95 टक्के विश्वासांतरासह, उत्पन्नाशिवाय आणि उत्पन्नासह. सहगुणकांचा लांब तक्ता परिशिष्टात जाऊ द्या. त्यातल्या वय, वंश, प्रदेश यांच्या सहगुणकांवर परिच्छेद लिहू नका. ते शिक्षणाचा अंदाज स्वच्छ करण्यासाठी घातले होते, त्यांचा स्वतःचा परिणाम मोजण्यासाठी हे मॉडेल रचलेलंच नाही.

छद्म R² लहान येईल, बहुधा खूपच लहान. त्याने घाबरून श्रद्धेचे चल आत ओढू नका. परिशिष्टात तीन लॉजिटची तुलना, 7 पासून सुरू होणारा साप्ताहिक गट, आणि हवं असल्यास 0 ते 8 वरचं रेषीय रिग्रेशन ठेवा. रेषीय मॉडेलची दिशा तुमच्या मुख्य निकालाच्या उलट निघाली, तर आधी चौथ्या टप्प्यावर परत जा: बहुतेक वेळा एखादा उंबरठा उलट्या दिशेने चालत असतो आणि तो तक्त्यात अजून दिसलेला नसतो.